दोघांनी वाचलेलं प्रुफ

गिरगावात कांदेवाडीच्या तोंडाशी शामराव पेडणेकरांचा छापखाना होता. पुढे कचेरी, मागे दोन यंत्रं आणि जिन्याखाली प्रुफं वाचायची जागा. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोंबता दिवा एवढंच मावत असे. त्या दोन खुर्च्यांवर बारा वर्षं तीच दोन माणसं बसत होती. एक रघुवीर कोठारे, छापखान्याचे वाचक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसरा भिवा खैरे, त्यांचा कॉपी होल्डर.

होल्डरचं काम साधं. लेखकाची किंवा वकिलाची मूळ प्रत हातात धरायची आणि मोठ्याने वाचायची. वाचक समोरच्या प्रुफावर नजर ठेवतो आणि चूक दिसली की समासात खूण करतो. मात्र होल्डरने शब्दांबरोबर चिन्हंही वाचायची असतात. दर कॉमाला ‘कॉमा’ म्हणत बसलं तर सकाळचं पान संध्याकाळी संपेल, म्हणून या दोघांनी आपली रीत बसवली होती. कॉमा आला की भिवा पेन्सिलीने टेबलावर एक ठोका द्यायचा. अर्धविराम आला की दोन. वाक्य संपलं की ‘पॉइंट’ म्हणायचा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कोणी भजन बसवतंय.

भिवा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला. चोविसाव्या वर्षी तो छापखान्यात शाईचे रूळ पुसायला लागला, तेव्हा त्याला सही करता येत नव्हती. रात्रशाळेत तो मराठी शिकला. इंग्रजी अक्षरं मात्र त्याने छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरूनच उचलली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तसंच ते त्याच्या डोक्यात बसलं. पुढे मास्तरांनी ती उलटी अक्षरं एकेक करून सुलटी केली. तरी घाई झाली, मन थाऱ्यावर नसलं, की इंग्रजी ‘बी’चं पोट भलत्या बाजूला जायचं. मास्तर हसायचे.

“भिवा, तुझा बी रुसला बघ. पाठ फिरवून बसलाय.”

“राहू द्या, मास्तर. समजूत काढतो त्याची.”

शब्द आता त्याला वाचता येत, उच्चारही येत. अर्थ निम्मा कळे, निम्मा अंदाजाने. पण चिन्हांचा अर्थ मास्तरांनी त्याला नीट शिकवला होता. चाळीतल्या माणसाला चाळीतलंच उदाहरण.

“हे बघ, दोन पुरी वाक्यं म्हणजे दोन बिऱ्हाडं. दोघांची चूल वेगळी, कर्ता वेगळा. मध्ये पॉइंट दिलास तर भिंत झाली. अर्धविराम दिलास तर मध्ये दार आहे. बिऱ्हाडं वेगळी, पण जाणंयेणं आहे. आणि नुसता कॉमा दिलास तर?”

“तर काय?”

“तर लुगड्याचा पडदा. एका खोलीत दोन बिऱ्हाडं कोंबल्यासारखं. मराठीत आपण चालवून घेतो. इंग्रजी कोर्टाच्या कागदात चालत नाही. एक तर अर्धविराम दे, नाहीतर मध्ये ‘आणि’ किंवा ‘म्हणून’ घाल, नाहीतर सरळ भिंत बांध.”

आणि दुसरं एक शिकवलं, ते भिवाच्या बायकोवरून.

“‘माझी बायको, जी गिरणीत जाते, आज घरी आहे.’ इंग्रजीत ‘जी गिरणीत जाते’च्या दोन्ही बाजूंना कॉमा पाहिजे. बायको एकच, गिरणीचं आपलं जाता जाता सांगितलं. ते काढून टाकलं तरी माणूस तेच राहतं. आता कॉमा काढ. मग अर्थ होतो, माझ्या बायकांपैकी जी गिरणीत जाते, ती.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाकीच्या कुठे ठेवल्यास, ते रखमेला सांगावं लागेल.”

भिवाने हे घरी जाऊन रखमाला सांगितलं. ती म्हणाली, “एक सांभाळताना नाकी नऊ आलेत, आणि मास्तर म्हणे बाकीच्या कुठे!” दोन दिवस ती त्याला ‘काय कॉमावाले’ म्हणून हाक मारत होती.

पंचावन्न सालच्या गणपतीत भिवाला पहिल्यांदा शंका आली. त्याने मूळ प्रतीतली एक ओळ वाचली. प्रुफात ती ओळ सबंध गाळली होती, आणि मास्तर मान डोलवत पुढे गेले. भिवा थांबला.

“मास्तर, ही ओळ आहे का तिकडे?”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग दिव्याकडे बघत म्हणाले, “भिवा, तुला या दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का रे?”

“नाही.”

“मला दिसतात. आणि बाजूचं काही दिसत नाही. नळीतून बघावं तसं दिसतं. मोतीबिंदू असणार. वडिलांनाही होता. पिकेपर्यंत डॉक्टर हात लावत नाहीत. पिकला की काढू.”

मोतीबिंदू पिकावा लागतो, हे तेव्हा सगळेच म्हणत. भिवालाही ते पटलं. मास्तरांनी त्याच्याकडून वचन घेतलं. मास्तरांची बायको गेली होती. घरी एकटी मुलगी, मृणालिनी. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि ती ट्रेनिंग कॉलेजात जात होती. सत्तावन्नच्या एप्रिलात तिची परीक्षा. तोवर खुर्ची टिकली पाहिजे. मालकाला कळू द्यायचं नाही आणि मुलीलाही नाही. नाहीतर ती शिक्षण सोडून घरी बसेल.

त्या दिवसापासून भिवा दोन्ही कामं करू लागला. डाव्या हाताचं बोट मूळ प्रतीवर, उजव्या हाताचं प्रुफावर. अक्षराला अक्षर ताडून बघायचं आणि तोंडाने मोठ्याने वाचायचं. मास्तर समोर प्रुफ असल्यासारखे बसत, हातात पेन्सिल धरून. खुणा भिवा करी. एखादं अक्षर बदलायचं, खिळा उलटा लागलाय, शब्द जोडायचा, असल्या खुणा म्हणजे नुसत्या रेघा. त्यांवरून कोणाचं अक्षर ओळखू येत नाही. कचेरीचं दार वाजलं की पेन्सिल टेबलाखालून मास्तरांच्या हातात जायची.

नवल म्हणजे काम बिघडलं नाही. उलट मास्तरांचा कान इतका तयार होता की वाक्य वाकडं गेलं की ते बोट वर करत. भिवाचे डोळे आणि मास्तरांचा कान. जिन्याखाली दोन माणसं मिळून एक वाचक बसला होता, आणि दीड वर्ष कोणाला पत्ता लागला नाही.

पण सत्तावन्नचा फेब्रुवारी उजाडला आणि छापखान्यात निवडणुकीची गर्दी उसळली. समितीची पत्रकं, सभांच्या जाहिराती, उमेदवारांची निवेदनं. यंत्रं थांबेनात. शामराव दर तासाला जिन्याखाली डोकावू लागले.

“मास्तर, झालं का? किती वेळ?”

“होतंय, शामराव.”

“पूर्वी तुम्ही अर्ध्या वेळात काढायचा. डोळे दाखवून घ्या एकदा. माटुंग्याचा एक पोरगा येऊन गेलाय माझ्याकडे, बी.ए. झालेला. होल्डरशिवाय वाचतो म्हणे.”

“होल्डरशिवाय वाचणारे पुष्कळ असतात,” मास्तर म्हणाले. “त्यांची प्रुफं मग आपल्यासारख्यांना वाचावी लागतात.”

शामराव हसले. पण जाताना त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. भिवाने ते पाहिलं. मास्तरांनी अर्थातच पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, औद्योगिक कोर्टाचा कागद आला. लालबागच्या एका गिरणीतल्या रिंग खात्याचे, म्हणजे सूतकताईचे, त्रेचाळीस कामगार वर्षापूर्वी काढले होते. छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई पेटली होती, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. त्या दिवसांत हे लोक कामावर आले नाहीत, असं गिरणीचं म्हणणं. युनियनचं म्हणणं, हे त्रेचाळीसही जण एकाच आळीत राहणारे. आळीला वेढा होता, पास कोणाला दिले नव्हते, माणसं निघणार कशी? युनियनच्या वकिलाने अर्ज इंग्रजीत टंकून पाठवला होता. सोमवारी कोर्टात छापील प्रती द्यायच्या होत्या.

भिवा वाचू लागला. पहिलं पान नीट गेलं. त्रेचाळीसांपैकी एकही जण बाहेर पडू शकला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर आला. “द कर्फ्यू वॉज इन फोर्स,” एक ठोका, “नो पासेस वेअर इश्यूड. पॉइंट.”

मास्तरांचं बोट वर गेलं. “एकच ठोका?”

“कॉपीत कॉमाच आहे, मास्तर.”

“कर्फ्यू लागू होता, हे एक बिऱ्हाड. पास दिले नाहीत, हे दुसरं. पडदा लावून दिलाय. अर्धविराम पाहिजे. असू दे, यानं अर्थ मरत नाही. पुढे चल.”

भिवा पुढे गेला. शेवटच्या मागणीचं वाक्य आलं. तो एका दमात वाचून गेला, “द वर्कमेन ऑफ द रिंग डिपार्टमेंट हू वेअर कन्फाइन्ड टू देअर होम्स बाय द कर्फ्यू प्रे फॉर रीइन्स्टेटमेंट. पॉइंट.”

मास्तरांनी आपला पंजा त्याच्या हातावर ठेवला.

“परत वाच.”

त्याने वाचलं.

“‘डिपार्टमेंट’नंतर ठोका नाही?”

“नाही.”

“‘कर्फ्यू’नंतर?”

“नाही, मास्तर. कॉपीत नाही, प्रुफातही नाही. सारखं आहे.”

मास्तर खुर्चीत मागे टेकले. “तुझ्या बायकांची गोष्ट आठवते?”

भिवाला आधी हसू आलं, आणि मग ते जिरलं. हळूहळू त्याच्याही ध्यानात आलं. कॉमा असता तर अर्थ झाला असता: रिंग खात्याचे कामगार परत घ्या, ते सगळेच कर्फ्यूत अडकले होते. कॉमा नाही, म्हणून अर्थ झाला: रिंग खात्यातल्यांपैकी जे कर्फ्यूत अडकले, तेवढ्यांना घ्या.

“गिरणीचा वकील उभा राहील,” मास्तर म्हणाले, “आणि म्हणेल, साहेब, अर्जदार स्वतःच म्हणतात की काहीजणच अडकले होते. आता एकेकाने शाबीत करावं, त्या दिवशी मी घरात कोंडलेला होतो. वर्षापूर्वीचं कोण शाबीत करणार? साक्षीला कोण येणार, आळीवर पहारा देणारा शिपाई? पहिल्या पानावर ‘एकही नाही’ लिहिलंय, हे खरं. पण मागणीच्या कलमात जे लिहिलं तेच हातात पडतं.”

“मग घाला की दोन कॉमे.”

“घालता येत नाहीत.”

हे भिवालाही ठाऊक होतं. कंपॉझिटरने केलेली चूक वाचक सुधारतो. मूळ प्रतीतली चूक त्याची नसते. प्रतीत आहे तसं छापायचं, हा छापखान्याचा कायदा. त्यातून कोर्टाचा कागद. वाचकाला काही खटकलं तर त्याने समासात प्रश्न लिहायचा, खाली सही करायची आणि वकिलाने त्यावर होय-नाही करायचं. प्रश्न लिहायचा तो वाचकानेच, शाईने, आपल्या अक्षरात. आणि कोर्टाची प्रुफं फोर्टात वकिलाकडे शामराव स्वतः घेऊन जात. बारा वर्षं मास्तरांचं वळणदार अक्षर त्यांनी रोज पाहिलं होतं.

मागे यंत्रांचा धडधडाट चालू होता.

“मास्तर,” भिवा हळूच म्हणाला, “कॉपीत नाही. आपण कॉपीप्रमाणे वाचलं. आपल्याला कोण विचारणार?”

“कोणी नाही.”

“एप्रिलला दोन महिने राहिलेत.”

“हो.”

“मग सोडा. वकिलाची चूक वकील निस्तरेल.”

मास्तरांनी टेबल चाचपून दौत शोधली. “भिवा, तू शाईचे रूळ पुसत होतास तेव्हा तुला वाचायला का शिकवलं मी?”

“तुम्हाला होल्डर पाहिजे होता म्हणून.”

“तेही खरंच आहे,” मास्तर म्हणाले आणि जरासे हसले. “पण आता मला ऐकू आलंय. ऐकू आलं नसतं तर गोष्ट निराळी. त्रेचाळीस घरं आहेत रे. आण ते प्रुफ.”

त्यांनी आधी स्वतः लिहून पाहिलं. एका कोऱ्या कागदावर. ओळ चढत चढत कागदाबाहेर टेबलावर गेली. भिवाने तो कागद चुरगळून खिशात टाकला.

“मी लिहितो,” तो म्हणाला. “तुम्ही अक्षरं सांगा.”

“शामराव ओळखतील.”

“ओळखू देत. न लिहून तुम्हाला झोप लागणार नाही, ते दिसतंय मला.”

मग मास्तर इंग्रजीतलं एकेक अक्षर सांगत गेले आणि भिवा समासात लिहीत गेला. ‘डिपार्टमेंट’नंतर आणि ‘कर्फ्यू’नंतर कॉमा हवा का? नसल्यास अर्थ ‘काही कामगार’ असा होतो. वर सर्व त्रेचाळीस म्हटले आहे. वरच्या वाक्यातही प्रश्न टाकला, कॉमाऐवजी अर्धविराम हवा का म्हणून. लिहिता लिहिता भिवाच्या कपाळावर घाम आला. खाली त्याने मास्तरांचं बोट धरून जागेवर ठेवलं आणि मास्तरांनी सही केली. सही मात्र सुरेख आली. ती त्यांच्या हाताला डोळ्यांवाचून पाठ होती.

शामराव प्रुफं घेऊन गेले तेव्हा त्यांनी उघडून पाहिली नाहीत. ट्राम गाठायची घाई होती. जेवणाची सुट्टी झाली. मास्तरांनी डबा उघडला नाही. भिवाने भाकरीचे दोन घास खाल्ले आणि फडकं परत बांधलं.

तीनच्या सुमाराला शामराव परतले. प्रुफं टेबलावर ठेवून ते उभेच राहिले.

“वकीलसाहेब म्हणाले, तुमच्या वाचकाचे पाय धरले पाहिजेत. दोन्ही प्रश्नांवर ‘होय’ लिहिलंय. म्हणाले, ही चूक माझ्या टंकलेखकाची, पण गेली असती माझ्या कपाळी.”

“बरं झालं,” मास्तर म्हणाले.

“मग म्हणाले, अक्षर मात्र गमतीचं आहे.” शामरावांनी बोट ठेवलं. “इंग्रजी बी उलटा. दोनदा. मास्तर, मी स्वतः सहा वर्षं खिळे जुळवलेत. असा बी शाळेत शिकलेला माणूस लिहीत नाही. जो खिळ्यावरून शिकतो तोच लिहितो. हे कोणी लिहिलं?”

“मी,” भिवा म्हणाला. “मास्तरांचा हात दुखत होता.”

“गप्प बस, भिवा.” शामरावांनी खिशातून एक पत्रक काढलं आणि मास्तरांपुढे धरलं. “हे वाचा.”

मास्तरांनी पत्रक हातात घेतलं. ते त्यांनी उलटंच धरलं. भिवाने हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

“मला दिसत नाही, शामराव,” मास्तर म्हणाले. त्यांनी पत्रक घडी घालून टेबलावर ठेवलं. “दीड वर्ष झालं.”

“दीड वर्ष!” शामराव मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. “आणि एवढं कोर्टाचं काम बाहेर गेलं? कोणी वाचलं?”

“आम्ही दोघांनी,” भिवा म्हणाला. “मालक, एक तरी चूक गेली का? दाखवा. आम्ही दोघं मिळून वाचतो. तसंच वाचत राहू. एप्रिलपर्यंत तरी.”

शामराव वाईट नव्हते. त्यांनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला. “अरे, उद्या बाजारात कळलं की पेडणेकराकडे कोर्टाचे कागद न दिसणारा माणूस वाचतो, तर एक वकील माझ्या दारात उभा राहील का? मास्तर, तुम्हीच सांगा. माझ्या जागी तुम्ही असता तर?”

मास्तर उभे राहिले. “तुमच्या जागी मी असतो तर ‘कॉपीप्रमाणे’, नियमाला धरूनच वागलो असतो,” ते म्हणाले. “सोमवारपासून त्या माटुंग्याच्या मुलाला बोलवा. भिवाला ठेवा. तो चांगला आहे.”

त्या संध्याकाळी भिवा मास्तरांना घरी पोचवायला गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा. ठाकुरद्वारची ती चाळ त्याने बाहेरून पुष्कळदा पाहिली होती, पण वर ये असं मास्तर कधी म्हणाले नव्हते आणि त्याने कधी तशी वाट पाहिली नव्हती. ते आपल्या जागी, आपण आपल्या. आज मास्तर त्याचा दंड धरून जिना चढले.

मृणालिनी दारात आली. वडिलांचा हात दुसऱ्याच्या दंडावर बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“काय झालं, बाबा? पडलात का?”

“नाही ग. हा भिवा. माझ्याबरोबर असतो तो.” मास्तर खुर्ची चाचपून बसले आणि मग सगळं सांगितलं. लपवलं नाही. कडी, नळी, मोतीबिंदू, एप्रिल.

ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. भिवा उंबऱ्याबाहेरच होता. तिने त्याला आत ये म्हटलं नाही. रागाने की विसरून, हे त्याला कळलं नाही.

मंगळवारी ती वडिलांना भायखळ्याच्या इस्पितळात घेऊन गेली. भिवाने अर्धा दिवस सुट्टी काढली आणि तोही गेला. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, बॅटरी मारली, बोटाने बुबुळं दाबून पाहिली. मास्तरांना बाकावर बसवून त्यांनी मुलीला बाजूला घेतलं. भिवा तिच्या मागेच उभा होता.

“मोतीबिंदू नाही हा,” डॉक्टर म्हणाले. “काचबिंदू आहे. आत दाब वाढतो आणि शीर मरते. दिव्याभोवती कडी कधीपासून दिसत होती?”

“दीड वर्ष,” भिवाने सांगितलं.

“तेव्हा आणायचं होतं. थेंब घालून, छोटं ऑपरेशन करून नजर राखता आली असती. गेलेली काही परत येत नाही.”

“पण पिकल्यावर काढतात ना?” भिवा म्हणाला.

“मोतीबिंदू पिकतो. हा पिकत नाही. हा नुसता खातो.”

मृणालिनी भिवाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?”

“हो, ताई.”

“रोज शेजारी बसत होतात. त्यांच्याऐवजी बघत होतात. एकदा, फक्त एकदा येऊन मला सांगायचं होतं.”

“मास्तरांनी वचन घेतलं होतं.”

“तुम्ही त्यांना इतकं छान सांभाळलंत, की त्यांना डॉक्टरकडे जायची गरजच पडली नाही.”

तिच्या बोलण्यात खोडून काढावं असं काही नव्हतं. दीड वर्ष त्याला वाटत होतं, आपण मास्तरांच्या उपयोगी पडतोय. रात्री चाळीच्या गॅलरीत पडल्यावर त्याला त्याचा अभिमानही वाटायचा. आता तो अभिमान कुठे ठेवावा, ते त्याला समजेना. बाकावर मास्तर सरळ बसले होते आणि शेजारच्या म्हातारीला विचारत होते, “बाई, किती वाजले हो?”

मृणालिनीने ट्रेनिंग सोडलं आणि एका बालवाडीत नोकरी धरली. माटुंग्याचा मुलगा हुशार होता. तो एकटाच भराभर वाचायचा, म्हणून शामरावांनी भिवाला छापून झालेले खिळे परत खणांत लावायच्या कामावर घातलं. दर रविवारी भिवा ठाकुरद्वारला जायचा. मास्तरांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. मास्तर ऐकायचे, पण बोट वर करायचे नाहीत. एकदा भिवा मुद्दाम एक ओळ गाळून वाचून गेला. मास्तर काही बोलले नाहीत.

श्रावण सरता सरता कोर्टाचा निकाल लागला. युनियनच्या एका माणसाने छापील प्रत भिवाला आणून दिली. तो रविवारची वाट न बघता संध्याकाळीच ठाकुरद्वारला गेला. मास्तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“मास्तर, रिंग खात्याचा निकाल.”

“किती घेतले?”

“त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. गिरणीच्या वकिलाने एकेकाचा पुरावा मागितला होता. कोर्ट म्हणालं, अर्जात सगळ्यांचं म्हटलंय, अडकले ते सगळेच अडकले. एकाला मात्र काम मिळायचं नाही. कोंडीराम म्हणून होता, तो मे महिन्यात गेला. त्याच्या बायकोला मागला पगार मिळेल.”

“बरं,” मास्तर म्हणाले. पुन्हा म्हणाले, “बरं झालं.” मग त्यांनी पांघरूण वर ओढलं.

भिवा निकालाची प्रत उघडून बसला होता. वाचू का, असं त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. मास्तर जागे होते. त्यांच्या खांद्यावरून ते कळत होतं.

मृणालिनी त्याला जिन्यापर्यंत पोचवायला आली. ती वाळली होती आणि तिच्या बोटांना खडूची भुकटी लागलेली होती.

“एक सांगू?” ती म्हणाली. “राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की ते दोन दिवस जेवत नाहीत. टेबलाशी बसतात आणि पेन्सिल मागतात. मी देते. मग नुसती हातात धरून बसतात.”

“मला कळलं नव्हतं, ताई.”

“आता माझा राग नाही तुमच्यावर. होता. पण...” तिने कठड्यावरचा हात काढून घेतला. “काही दिवस येऊ नका.”

“बरं,” भिवा म्हणाला.

निकालाची प्रत त्याच्या हातातच राहिली होती. ती ठेवून घ्या, असं त्याला म्हणायचं होतं. पण घरात ती वाचणार कोण, आणि कोणासाठी, हे मनात आलं आणि त्याने ती घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवली. मग तो एकेक पायरी उतरून खाली गेला.